प्रत्येक गॅप भरतेच का? ब्रेकअवे, रनअवे, एक्झॉशन आणि मार्च २०२०

मंदार_ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक सर शनिवार-रविवार टेक्निकलचा क्लास घेतात. त्यांचं ठाम मत असं की गॅप ही बाजाराची उधारी आहे, भाव मागे येऊन ती जागा भरून फेडल्याशिवाय सुटका नाही. आणि पुढच्याच तासाला तेच सर सांगतात, चालीच्या सुरुवातीची ब्रेकअवे गॅप भरत नाही, मधली रनअवे सहसा भरत नाही, शेवटची एक्झॉशन मात्र लगेच भरते. मी विचारलं, मग उधारीचं काय झालं? "अनुभवाने कळेल" म्हणाले.

अनुभव यायला पैसे लागतात, म्हणून आधी चार्ट उघडला. निफ्टी, २०२० ची पडझड. आदल्या दिवशीचा लो आणि त्या दिवशीचा हाय यांच्यात मोकळी जागा राहिली तरच गॅप धरली. अशा सहा सापडल्या: २४ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी, ६ मार्च, ९ मार्च, १२ मार्च आणि २३ मार्च.

यातली कुठली कुठल्या प्रकारची? आणि मुख्य म्हणजे ते त्या दिवशी सकाळी सव्वानऊला ओळखता आलं असतं का?

सोलापुरी_चादर

माझा खरेदीभाव आणि आजचा भाव यांच्यातली गॅप २०१८ पासून भरायची राहिली आहे. ती कुठल्या प्रकारात बसते तेवढं सांगा, बाकी चालू द्या.

चार्टवेडी

सोपं आहे की. २४ फेब्रुवारी ब्रेकअवे, कारण तिथून घसरण सुरू झाली. मधल्या सगळ्या रनअवे. २३ मार्च एक्झॉशन.

आणि भरण्याचा क्रम बघा. २३ मार्चची गॅप दोन दिवसांत, २५ मार्चलाच भरली, तोही पाडव्याचा दिवस. १२ मार्चची २२ जूनला भरली. ९ मार्चची जुलैच्या सुरुवातीला, ६ मार्चची जुलैअखेर, २८ फेब्रुवारीची ऑगस्टअखेर आणि २४ फेब्रुवारीची थेट नोव्हेंबरात. एक्झॉशन सर्वांत आधी, ब्रेकअवे सर्वांत शेवटी. पुस्तकात आहे तसंच्या तसं!

रनअवे गॅप चालीच्या मध्यावर येते असं म्हणतात, तेही बसतं. १२ मार्चची गॅप साधारण १०,०४० ते १०,३३४, म्हणजे मध्य १०,१८७. जानेवारीतला टॉप १२,४३०. टॉपपासून गॅपपर्यंत २,२४३ अंक झाले. तेवढेच खाली मोजा, ७,९४४ येतात. २३ मार्चला निफ्टी कुठे उघडला माहीत आहे? ७,९४५ ला. 🙂

सोलापुरी_चादर

ताई, क्लास कधीपासून सुरू करताय? अर्ली बर्ड डिस्काउंट आहे का?

जुना_सटोडिया

चार्टवेडी, आकडे बरोबर आहेत. त्यातून जे काढलंय त्याबद्दल बोलू.

आधी क्रम. बाजार खाली येताना सहा पायऱ्या उतरला आणि मग त्याच जिन्याने वर चढला. चढताना सर्वांत खालची पायरी आधी येणार आणि वरची शेवटी, त्यात गॅपच्या प्रकाराचा संबंध कुठे आला? त्या सहांना तुम्ही काहीही नावं दिली असती तरी भरण्याचा क्रम हाच राहिला असता. त्यामुळे "ब्रेकअवे उशिरा भरते" याचा हा पुरावा होत नाही.

खरा प्रश्न निराळा आहे: घसरण चालू असताना कुठली गॅप भरली? उत्तर, पहिल्या पाचांपैकी एकही नाही. १३ मार्चला काय झालं ते आठवा. सकाळी लोअर सर्किट, ट्रेडिंग थांबलं, ८,५५५ चा लो लागला आणि तिथून उसळून निफ्टी १०,१५९ पर्यंत गेला. एका दिवसात सोळाशे अंक! म्हणजे आदल्या दिवशीच्या गॅपमध्ये शिरला, पण १०,३३४ काही गाठता आलं नाही. दुसऱ्या सत्रात परत ९,२०० च्या खाली. ब्रेकअवे आणि रनअवे भरत नाहीत याचा अर्थ इतकाच की ती चाल जिवंत असेपर्यंत भरत नाहीत. चाल मेली की सगळ्याच उघड्या पडतात.

आता ते ७,९४४. मध्यावर असलेली गॅप म्हणून तुम्ही १२ मार्चचीच का निवडली? ६ मार्चची घ्या, मध्य सुमारे ११,१४०, लक्ष्य येतं ९,८५०. ९ मार्चची घ्या, मध्य १०,७९०, लक्ष्य ९,१५०. एकाच घसरणीत तीन रनअवे आणि तीन तळ. ६ मार्चच्या हिशेबाने कोणी ९,८५० ला खरेदी केली असती तर पुढे २,३०० अंकांचा खड्डा होता. शिवाय खरा तळ ७,९४४ नाही, २४ मार्चचा ७,५११ आहे. तळ ठाऊक झाल्यावर मध्य शोधणं फार सोपं असतं.

आणि २४ फेब्रुवारीला ब्रेकअवे म्हणायला माझी तयारी नाही. त्या आधी बरेच दिवस निफ्टी एका पट्ट्यात फिरत होता आणि बजेटनंतर, ३ फेब्रुवारीला त्याचा तळ ११,६१४ ला पडला होता. २४ ची गॅप त्या पट्ट्याच्या आतच आहे. पट्टा मोडला तो २७ तारखेला दिवसभरात थोडा आणि २८ ला गॅपने पूर्ण. ज्या गॅपने काही मोडलंच नाही ती कसली ब्रेकअवे?

चार्टवेडी

काका, ट्रेंड तर तिथूनच पालटला ना? त्या दिवशीचा ओपनच हाय होता आणि दिवसभर एकदाही वर बघितलं नाही. पट्टा मोडायची वाट बघत बसलं तर निम्मी चाल गेली.

क्रमाबद्दलचा मुद्दा मान्य. जिन्याची गंमत लक्षात आली नव्हती.

जुना_सटोडिया

निम्मी कुठे? २८ फेब्रुवारीनंतरही ३,८०० अंक शिल्लक होते. २४ फेब्रुवारीबद्दल तुमचं-माझं जमणार नाही, सोडून देऊ.

निफाडकर

गॅप भरते असं म्हणणाऱ्यांनी एकदा लासलगावला यावं. आमच्या हातात जे पडतं आणि पुण्यात भाजीवाला जे घेतो यांच्यातली गॅप माझ्या आजोबांपासून कोणी भरलेली पाहिली नाही. व्यापारी, आडत, हमाली, तोलाई, वाहतूक, सगळे मधल्या मध्ये. सरकारने निर्यातबंदी केली की आमचा भाव कोसळतो, पुण्यातला मात्र सावकाश उतरतो. यावर तुमचे चार्टवाले काय म्हणतात?

मंदार_ठाणे

दादा, धागा शेअर बाजारातल्या गॅपचा आहे. म्हणजे आज बाजार बंद होताना एक भाव आणि उद्या उघडताना एकदम दुसराच, मधल्या भावाला व्यवहारच झाला नाही, अशी जागा. तुमचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढा. वाचू आम्ही.

जुना_सटोडिया

निफाडकर, तुमच्याकडे खरीखुरी गॅपही पडते की. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू केले. बंदच्या आधीचा शेवटचा भाव आणि नंतर फुटलेला पहिला भाव यांच्यात जी जागा राहिली, ती गॅप. बाजार बंद असताना बातमी आली की हे होणारच, कांदा असो की निफ्टी.

निफाडकर

मग ती भरली का?

जुना_सटोडिया

ते तुम्हीच सांगा, तुमच्याकडे पट्ट्या असतील. फक्त जुन्या कांद्याचा भाव नव्या कांद्याशी लावू नका. उन्हाळ आणि लाल हे दोन वेगळे माल आहेत, एका चार्टवर जोडले की खोट्या गॅप दिसतात. आमच्याकडे फ्युचर्सचा महिना बदलताना हेच होतं. जुना काँट्रॅक्ट संपतो, नवा पंचवीस-पन्नास अंक वर चालू असतो, सलग जोडलेल्या चार्टवर फट दिसते आणि कोणीतरी ती भरायची वाट बघत बसतं.

अनुजा_पी

खोट्या गॅपवरून आठवलं. माझ्या बाबांकडे एक शेअर आहे, त्याला एकास एक बोनस मिळाला. भाव निम्मा झाला. बाबांच्या चार्टवर ही मोठी गॅप दिसते आणि ते म्हणतात, "गॅप भरली की विकतो, दुप्पट होतील." बोनसचे शेअर डिमॅटला जमा झालेत हे दाखवलं, तरी गॅपवरचा विश्वास ढळत नाही. ही गॅप धरायची का?

सोलापुरी_चादर

बाबांना दंडवत. पेशन्स हाच खरा प्रकार.

जुना_सटोडिया

नाही धरायची. भाव निम्मा, शेअर दुप्पट, किमतीत काहीच हललं नाही. चार्टवर ॲडजस्टेड भाव लावलेत का बघा, लावले की गॅप गायब होते. स्प्लिटलाही हेच. डिमर्जर जरा फसवं असतं. २० जुलै २०२३ ला रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली. त्यासाठी खास प्री-ओपन सत्र ठेवलं होतं. आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५, सत्रात निघालेला भाव २,५८०. मधले २६१.८५ हाच जिओ फायनान्शियलचा भाव धरला गेला. कोणी घाबरून विकलं म्हणून ही फट पडलेली नाही, तेवढा माल पिशवीतून दुसरीकडे गेला म्हणून पडली. साध्या लाभांशाचं मात्र बघावं लागतं. बरेच चार्ट तो ॲडजस्ट करत नाहीत, मोठा लाभांश असला की एक्स-डेटला फट दिसतेच.

रात्रपाळी

मला मुळात ही सगळी भानगडच जुनी वाटते. मी रात्री जागा असतो, गिफ्ट निफ्टी समोर चालू असतो. रात्री अकराला बातमी आली, तिथे भाव हळूहळू दोनशे अंक सरकला, व्यवहार होत होत सरकला. सकाळी नऊ ते नऊ-आठ प्री-ओपनमध्ये ऑर्डरी गोळा होतात, एक भाव निघतो आणि कॅश निफ्टी दोनशे अंक वर उघडतो. तुम्ही म्हणता गॅप. अरे, मधल्या प्रत्येक भावाला कोणीतरी घेतलंय आणि विकलंय! फक्त तुम्ही झोपला होतात. मग "मधल्या भावाला व्यवहारच नाही" ही व्याख्या कुठे राहिली?

चार्टवेडी

तिथे व्यवहार करणारे कोण आणि किती? माझ्या आत्याकडे बँकेचे शेअर आहेत, ती रात्री अकराला विकू शकत नाही. तिला सकाळी उघडलेलाच भाव मिळतो. गॅपचा परिणाम तिच्यासारख्यांमुळे होतो. अडकलेले किंवा हुकलेले लोक.

जुना_सटोडिया

दोघांचं थोडं थोडं बरोबर. आत्याबाईंचा मुद्दा मला जास्त पटतो, कारण गॅपची वरची कड का अडते ते त्यातून कळतं. पुन्हा १२ मार्च घ्या. ११ मार्चला निफ्टीचा लो होता १०,३३४. म्हणजे त्या दिवशी ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांची खरेदी त्याच्या वरची. दुसऱ्या दिवशी उघडलाच १०,०४० ला, कोणाला बाहेर पडायची संधीच मिळाली नाही. तीन महिने ही मंडळी मुद्दल निघायची वाट बघत होती. ८ जूनला लॉकडाउन उठायला लागल्याच्या उत्साहात निफ्टी वर आला आणि कुठे थांबला? १०,३२८ ला. सहा अंक कमी! तिथून फिरला आणि काही दिवसांतच ९,६०० च्या खाली जाऊन आला. मग २२ जूनला एकदाची गॅप भरली.

ज्यांनी "गॅप भरणार" म्हणून बरोबर १०,३३४ ला विक्री लावून ठेवली होती त्यांची ऑर्डर सहा अंकांनी राहिली. सगळ्यांनाच ती कड दिसते, त्यामुळे शहाणे तिच्या अलीकडेच विकून मोकळे होतात.

पैशाचं_झाड

मी फक्त पैशाचं बोलतो. समजा २८ फेब्रुवारीला "गॅप भरतेच" म्हणून कोणी ११,३८५ च्या आसपास निफ्टी फ्युचरचा एक लॉट घेतला. तेव्हा लॉट ७५ चा. गॅपची वरची कड ११,५३७, म्हणजे मिळणार १५२ गुणिले ७५, अकरा हजार चारशे. गॅप भरली का? भरली, ऑगस्टअखेर. पण मध्ये निफ्टी ७,५११ ला गेला. ३,८७४ गुणिले ७५ करा. दोन लाख नव्वद हजार. हे मार्जिनच्या वर रोजच्या रोज रोख भरायचे, शिवाय दर महिन्याला रोलओव्हर. सर म्हणणार, बघा, भरली की नाही!

मंदार_ठाणे

हे उदाहरण मी पुढच्या शनिवारी वर्गात मांडणार आहे.

सोलापुरी_चादर

फी परत मिळेपर्यंत मांडू नका.

कोकणी_कट्टा

इक्विटीवाल्यांनो, भरूच न शकणारी गॅप बघायची असेल तर एमसीएक्सवरचं क्रूड बघा, तेही २०२० मधलंच. लॉकडाउनमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं, एरवी रात्री साडेअकरापर्यंत चालतं. २० एप्रिलला एप्रिल काँट्रॅक्टची एक्स्पायरी. पाच वाजता शेवटचा भाव ९६५ रुपयांच्या घरात. आणि आपल्याकडे शटर पडल्यावर रात्री अमेरिकेत क्रूड शून्याच्या खाली गेलं. सेटलमेंट त्याच भावाने करायची असल्यामुळे इथला हिशेब झाला उणे २,८८४ रुपये पिंप. ज्यांनी ९६५ ला घेऊन ठेवलं त्यांना बॅरलमागे ३,८४९ चा फटका, लॉट शंभर बॅरलचा. आणि काँट्रॅक्टच संपलेला, मग भरणार काय आणि कधी? आमच्या ओळखीतल्या एकाने ते "स्वस्तात मिळतंय" म्हणून घेतलं होतं. त्याने नंतर काजूची बाग बघायला सुरुवात केली, चांगलं चाललंय.

रात्रपाळी

हेच तर माझं म्हणणं आहे. तिथे रात्री व्यवहार होत होते, आपलं दुकान बंद होतं. गॅप बाजाराने पाडली नाही, वेळापत्रकाने पाडली.

चार्टवेडी

मूळ प्रश्नाकडे येऊ. २३ मार्च एक्झॉशन आहे हे त्या वेळी कळलं असतं का? माझ्या मते हो. महिनाभराची घसरण, त्यात आणखी एक मोठी गॅप, प्रचंड घबराट, दहा टक्क्यांचं सर्किट, पंचेचाळीस मिनिटं बाजार बंद. एवढं झाल्यावर विकणारा उरतो कोण?

जुना_सटोडिया

१३ मार्चलाही सकाळी हीच स्थिती होती हो. गेल्या सहा सत्रांतली तिसरी गॅप आदल्या दिवशी पडलेली, सर्किट, घबराट, शिवाय दिवसाअखेर जबरदस्त उलटफेर. "संपली घसरण" म्हणायला त्याहून चांगला दिवस मिळाला नसता. आणि तिथून पुढे आणखी हजार अंकांनी नवा तळ आला. २३ ला तर बाजार उलटला पण नाही, सर्किटनंतर पुन्हा उघडून आणखी पडला आणि १३ टक्के खाली, ७,६१० ला बंद झाला. त्या संध्याकाळी चार्ट बघून कोणी रनअवे म्हटलं असतं तर त्याला खोटं पाडायला तुमच्याकडे काही नव्हतं.

मला कळलं असतं तर ते २४ ला, आणि तेही अर्धवट. २४ ला निफ्टी २३ च्या लोच्या खाली गेला, पण किती? जेमतेम सत्तर अंक. एवढ्या गॅपनंतर, एवढ्या घबराटीनंतर विक्रीला जोर राहिला असता तर आणखी चारशे-पाचशे अंक सहज गेले असते. गेले नाहीत, उलट दिवस वर बंद झाला. रात्री आठ वाजता देशभर लॉकडाउन जाहीर झाला, त्याहून वाईट बातमी काय असणार, आणि पाडव्याला बाजार साडेसहा टक्के वर. गॅप पडल्यावर भाव पुढे सरकायला तयार आहे का, एवढंच मी बघतो. रनअवेत गॅपनंतर त्याच दिशेने आणखी जागा मिळते, एक्झॉशनमध्ये मिळत नाही. त्यासाठी एक-दोन सत्रं थांबावं लागतं. सव्वानऊला ओळखणारा मला अजून भेटलेला नाही.

आणखी एक. त्या २३ मार्चच्या गॅपचं माप काढा. उघडला आदल्या बंदपेक्षा आठशे अंक खाली, टीव्हीवर तोच आकडा. पण त्या दिवशी निफ्टी ८,१५९ पर्यंत वर जाऊन आला आणि २० मार्चचा लो होता ८,१७८. म्हणजे मंदारच्या व्याख्येप्रमाणे ही गॅप फक्त एकोणीस अंकांची! ती २५ ला भरली. आदल्या बंदपर्यंतची, म्हणजे ८,७४५ पर्यंतची म्हणाल तर २६ ला भरली, जेमतेम. टक्केवारी सांगणारा भेटला की आधी विचारायचं, ओपनपासून क्लोजपर्यंत मोजलं की लोपासून हायपर्यंत? "नव्वद टक्के गॅप भरतात" असं म्हणणारे बहुतेक पहिल्या पद्धतीने मोजतात आणि त्यात रोजच्या वीस-तीस अंकांच्या किरकोळ फटी धरतात. त्या दुपारपर्यंत भरतातच.

आकडेमोड

मंदार, स्वतः मोजायचं असेल तर एक्सेलमध्ये तारीख, ओपन, हाय, लो, क्लोज असे A ते E कॉलम ठेवा आणि तिसऱ्या ओळीपासून हे खाली ओढा:

```
=IF(D3>C2,"UP",IF(C3<D2,"DOWN",""))
```

२०१० च्या आधीचा निफ्टी घेऊ नका. प्री-ओपन सत्र १८ ऑक्टोबर २०१० ला सुरू झालं. त्याआधी सगळे शेअर एकाच क्षणी उघडत नव्हते, पहिल्या टिकला निर्देशांकात आदल्या दिवशीचे बंद भावच धरलेले असायचे. त्यामुळे इंडेक्सचा ओपन कालच्या क्लोजला चिकटलेला दिसतो आणि खऱ्या गॅप डेटातून नाहीशा होतात.

मंदार_ठाणे

धन्यवाद! म्हणजे मे २००९ चा निवडणूक निकालाचा सोमवारही यात दिसणार नाही?

आकडेमोड

धड दिसणार नाही. १८ मे २००९, ३,६७२ वरून ४,३२३. उघडल्या उघडल्या अप्पर सर्किट, दोन तास बंद, पुन्हा उघडला, पुन्हा सर्किट, दिवस संपला. प्रत्यक्ष ट्रेडिंग काही सेकंदांचं. ते साडेसहाशे अंक आजतागायत पूर्ण भरलेले नाहीत. जुलैत बजेटनंतर निफ्टी ३,९२० च्या आसपास आला, म्हणजे निम्म्याहून जास्त भरली आणि तिथून फिरला. सरांना ही विचारा.

चार्टवेडी

छोट्याही राहतात बरं का. ७ एप्रिल २०२०. आदल्या सत्राचा हाय ८,३५६, त्या दिवशीचा लो ८,३६०. फट चार-पाच अंकांची. आजपर्यंत भरलेली नाही! आणि ती तळातून वर निघतानाची होती, म्हणजे तिला ब्रेकअवे म्हणायला हरकत नसावी.

पैशाचं_झाड

चार अंकांसाठी निफ्टीने अर्ध्याहूनही खाली यावं अशी कोणाची इच्छा असेल तर त्याने हात वर करावा.

सोलापुरी_चादर

✋ माझे पुट पडून आहेत.

मंदार_ठाणे

काका, एक शेवटचं. ३ जून २०२४. एक्झिट पोलनंतरचा सोमवार. शुक्रवारचा हाय २२,६५४, सोमवारचा लो २३,०६२, नवा उच्चांक. तुमच्या कसोटीने ४ जूनला निकालाच्या दिवशी भाव पुढे सरकला नाही, उलट २१,२८१ पर्यंत कोसळला, गॅप एका दिवसात भरली. म्हणजे एक्झॉशन. पण ७ जूनला बाजार परत २३,२९० ला बंद झाला आणि सप्टेंबरात २६,००० च्या वर. मग ट्रेंड संपला कुठे? याला काय म्हणायचं?

चार्टवेडी

कॉमन गॅप.

रात्रपाळी

नव्या उच्चांकावर चारशे अंकांची कॉमन गॅप? काहीही.

जुना_सटोडिया

मी तिला नाव देत नाही. दोन दिवसांत दोन बातम्या आल्या, एक अंदाजाची आणि एक निकालाची, आणि दुसरीने पहिली खोडली. विक्रेते किंवा खरेदीदार थकल्यामुळे ती भरली नाही. हे तीन प्रकार एका चालीतल्या गॅपसाठी आहेत, एका बातमीवर एक दिवस उभ्या राहिलेल्या गॅपला लावले की असं होतं. ४ जूनला सकाळी दहा वाजता मात्र मला हे सुचलं असतं असं समजू नका. त्या वेळी मलाही ती एक्झॉशनच दिसत होती.

चार्टवेडी

म्हणजे बसली तर एक्झॉशन, नाही बसली तर बातमी. हे काही पटलं नाही काका. २३ मार्चलाही बातम्याच होत्या.

जुना_सटोडिया

रास्त आक्षेप. मार्चमध्ये आधी महिनाभराची चाल होती, जूनमध्ये नव्हती, एवढाच माझ्याकडे फरक आहे. पुरेसा नसेल.

मंदार_ठाणे

ऑक्टोबर २०१० पासूनचा डेटा उतरवून घेतलाय. भरल्या-न भरल्या एवढंच न मोजता, भरायच्या आधी भाव विरुद्ध किती गेला तेही मोजतो, झाडभाऊंच्या हिशेबाप्रमाणे. झालं की वेगळा धागा काढतो. बोनस, स्प्लिटची कटकट नको म्हणून फक्त निफ्टी.

आकडेमोड

दिवाळीच्या मुहूर्ताचं तासाभराचं सत्र वेगळं काढा. त्या दिवसाचा हाय-लो इतका चिंचोळा असतो की दुसऱ्या दिवशी उगाच गॅप दिसते.

निफाडकर

पट्ट्या काढल्या. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हाचीही आहे, बंदी मे २०२४ ला उठेपर्यंतच्या सगळ्या. उन्हाळ-लाल वेगळे लिहिले आहेत. कुठे पाठवू?